उशिरा पोहोचलेला रोजमेळ

२०२२ च्या जून महिन्यात हावडा जिल्ह्यातले इंटरनेट १० तारखेला, शुक्रवारी, सरकारी आदेशाने बंद झाले. आदेशाची मुदत होती सोमवार, १३ तारखेच्या सकाळी सहापर्यंत. रस्ते अडवले जात होते, जाळपोळ झाली होती, उलुबेरिया आणि पांचला यांसारख्या भागांत जमावबंदी होती. फोनवरचे बोलणे आणि एसएमएस मात्र बंद केलेले नव्हते. हुगळीच्या पलीकडे, कोलकात्यात, इंटरनेट नेहमीसारखे चालू होते.

पाच-दहा छोट्या दुकानांची एखादी साखळी घ्या, जिची दुकाने हावडा जिल्ह्यात आहेत आणि मुख्य कार्यालय पलीकडे बडाबाजारात. तिच्या दृष्टीने त्या तीन दिवसांत नेमके काय घडले? विक्री थांबली नाही, निदान सगळीकडे थांबली नाही. काही ठिकाणी अर्धा दिवस शटर वर होते, काही ठिकाणी पूर्ण दिवस. संध्याकाळी गल्ला मोजला गेला आणि संगणकावर दिवस बंद केला गेला. फक्त तो आकडा नदी ओलांडू शकला नाही. सोमवारी सकाळी जेव्हा सगळे आकडे एकदम निघाले, तेव्हा ते कोणत्या क्रमाने पोहोचतील याची हमी कोणीच देऊ शकत नव्हते.

ही पुस्तिका त्या सोमवारच्या सकाळबद्दल आहे. तिचा विषय अगदी लहान आहे: दिवसअखेरीच्या बेरजा छोट्या दुकानातून मुख्य कार्यालयात कशा पाठवाव्यात, आणि उशिरा आलेल्या बेरजा योग्य क्रमाने कशा स्वीकाराव्यात. मी उदाहरणासाठी हावडा निवडला, कारण तिथे इंटरनेट कधी गेले आणि कधी परत यायचे होते हे आदेशातच लिहिलेले होते. आपल्याकडे मंडणगडात किंवा भामरागडात ते रोज थोडे थोडे जाते, आणि त्यामुळे दोष कार्यपद्धतीचा की रेंजचा हे कधी नीट कळत नाही.

दिवसअखेरीची बेरीज ही फार मोठी गोष्ट नसते. दुकानाचा क्रमांक, तारीख, पहिल्या बिलाचा आणि शेवटच्या बिलाचा नंबर, एकूण विक्री, परत आलेला माल, रोख किती, यूपीआय किती, कार्ड किती, उधारी किती, बँकेत भरले किती, गल्ल्यात उरले किती. सगळे मिळून मजकुराच्या एका पानाइतकेही होत नाही. अडचण आकाराची कधीच नव्हती. अडचण अशी की आलेला आकडा कोणाच्या मागे आणि कोणाच्या पुढे बसवायचा, हे बहुतेक व्यवस्था चुकीच्या गोष्टीवरून ठरवतात.

सर्वांत सोपी चूक म्हणजे आलेल्या क्रमाने नोंद करणे. तार नीट असते तेव्हा हे महिनोन्महिने बिनबोभाट चालते, आणि म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. दुसरी चूक थोडी शहाणी वाटते: दुकानाच्या संगणकाने फाइलवर टाकलेली वेळ पाहून क्रम लावणे. पण छोट्या दुकानातला संगणक जुना असतो. मदरबोर्डवरचा गोल सेल संपलेला असतो, वीज गेली की घड्याळ कारखान्यातल्या तारखेवर जाऊन बसते, आणि ते आपोआप दुरुस्त व्हायला जे इंटरनेट लागते तेच नेमके नसते. तिसरी चूक तारखेवर विसंबण्याची. दुर्गापूजेच्या दिवसांत तिकडची दुकाने मध्यरात्रीनंतरही चालू असतात. रात्री दीड वाजताचे बिल सप्तमीच्या गल्ल्यात धरायचे की अष्टमीच्या, हे कॅलेंडर सांगू शकत नाही. ते दुकानदार दिवस बंद करतो तेव्हा ठरते.

म्हणून या पुस्तिकेतली जवळजवळ प्रत्येक सूचना एकाच ठिकाणाहून निघते: क्रम दुकानात ठरतो, आणि तो दुकानातच लिहून ठेवावा लागतो. दिवस बंद करताना संगणकाने त्या दिवसाला एक अनुक्रमांक द्यायचा, मागच्यापेक्षा एकाने जास्त. तो नंबर पुन्हा वापरायचा नाही, वगळायचा नाही, आणि १ एप्रिलला पुन्हा एकपासून सुरूही करायचा नाही. बिलांचे नंबर आर्थिक वर्षागणिक नव्याने सुरू केले तरी जीएसटीच्या नियमांना चालते, त्यांना फक्त त्या वर्षात नंबर वेगळा हवा असतो. दिवसाच्या अनुक्रमांकाला ती सूट दिली की मार्चअखेरीचे उशिरा आलेले दिवस एप्रिलच्या पहिल्या दिवसांत मिसळतात.

यातली एक गोष्ट कामाचा पसारा एकदम कमी करते. दुकानादुकानांत क्रम लावण्याची गरज नसते. सालकियाच्या दुकानाचा शनिवार आधी नोंदला की आमताच्या दुकानाचा शुक्रवार, याने कुठलाच हिशेब बिघडत नाही. क्रम हवा तो एका दुकानाच्या आतला. ज्यांनी सर्व दुकानांचा मिळून एकच क्रम धरला, त्यांची व्यवस्था एका बंद पडलेल्या दुकानापायी बाकी सर्वांना रोखून धरते, आणि मग वैतागून कोणीतरी क्रमच काढून टाकतो.

अनुक्रमांकाच्या जोडीला दुसरी गोष्ट हवी, आणि ती आपल्या रोजमेळात पिढ्यान्‌पिढ्या आहे. रोजमेळाचे पान कालच्या शिलकेने उघडते आणि आजच्या शिलकेने मिटते. एखादे पान फाडले तर आधीच्या पानाची अखेर आणि पुढच्या पानाचा आरंभ जुळत नाही. दिवसअखेरीच्या फाइलीतही तसेच दोन आकडे ठेवावेत: दुकान सुरू झाल्यापासूनची, कधीही शून्यावर न आणलेली एकूण विक्री, दिवसाच्या आरंभी किती होती आणि अखेरीस किती झाली. गल्ल्यातल्या रोकडीचेही तसेच दोन आकडे. अनुक्रमांकावरून एवढेच कळते की मधला दिवस आलेला नाही. चालू बेरजेवरून त्या न आलेल्या दिवसात किती विक्री होती तेही कळते.

डोमजूरच्या बाजारात एक कल्पित दुकान धरू, साखळीतले सातवे. ९ जूनचा दिवस अनुक्रमांक १४१२ ने बंद झाला, मुख्य कार्यालयात पोहोचला आणि नोंदला गेला. चालू बेरीज होती ४,१८,३६,२५० रुपये आणि गल्ल्यात सुट्ट्यासाठी ठेवलेले ५,००० रुपये. १० तारखेला दुपारनंतर दुकान आवरावे लागले. विक्री २१,४०० रुपये. त्यातले ३,१५० यूपीआयने, इंटरनेट असेपर्यंतचे, आणि १८,२५० रोख. तो दिवस १४१३. ११ तारखेला दुकान उघडलेच नाही. १२ तारखेला, रविवारी, उघडले. विक्री ३८,७५० रुपये, सगळी रोख, कारण क्यूआर कोड भिंतीवर असला तरी ग्राहकाच्या फोनला इंटरनेट नव्हते. हा दिवस १४१५. मधला १४१४ कुठून आला ते पुढे सांगतो.

आता १३ तारीख. व्यवस्थापकाचा भाऊ सकाळीच कोलकात्याला निघाला होता. त्याच्या हाती रविवारची फाइल पेन ड्राइव्हवर देऊन पाठवली, कारण मालकांनी फोनवर रविवारचा आकडा मागितला होता. म्हणजे बडाबाजारात सर्वांत आधी पोहोचला तो १४१५. दुकानाच्या संगणकाने इंटरनेट आल्यावर सर्वांत जुनी न पाठवलेली फाइल, १४१३, पाठवायला घेतली. ती पोहोचली, पण पोहोचल्याचा निरोप परत येईपर्यंत तार तुटली. दुकानाच्या दृष्टीने ती गेलीच नव्हती, म्हणून त्याने ती पुन्हा पाठवली. मग १४१४, आणि शेवटी १४१५ दुसऱ्यांदा, या वेळी तारेवरून.

आलेल्या क्रमाने नोंद करणाऱ्या व्यवस्थेत काय होईल ते पाहा. १४१५ म्हणते, सकाळी गल्ल्यात २३,२५० रुपये होते. कार्यालयाच्या वहीत ५,००० आहेत. १८,२५० रुपये कुठून आले? कोणीतरी व्यवस्थापकाला फोन करून विचारते, आणि ते ज्या सुरात विचारले जाते त्याची कल्पना वाचकाला असेल. मग १४१३ दोनदा नोंदली जाते आणि जून महिन्याची विक्री २१,४०० रुपयांनी फुगते. शेवटी १४१५ सुद्धा दोनदा. हे दोन फुगवटे महिनाअखेरीस बँकेच्या भरण्याशी ताळा घेताना सापडतील, आणि तोवर कोणाला काही आठवत नसेल.

योग्य व्यवस्थेत १४१५ येताच ती ठेवून घेतली जाते, पण नोंदली जात नाही. तिच्या आरंभीची चालू बेरीज ४,१८,५७,६५० आहे आणि कार्यालयाकडची शेवटची ४,१८,३६,२५०. फरक २१,४०० रुपये. म्हणजे १४१३ आणि १४१४ या न पाहिलेल्या दोन दिवसांत मिळून नेमकी तेवढीच विक्री आहे, हे फाइली यायच्या आधीच माहीत झाले. गल्ल्यातले १८,२५० जास्तीचे आहेत तेही त्याच दोन दिवसांचे असणार, म्हणून फोन करायची गरज नाही. मग १४१३ आली, जुळली, नोंदली गेली. ती दुसऱ्यांदा आली तेव्हा मजकूर अक्षरशः तोच होता, म्हणून नवी नोंद न करता फक्त पुन्हा पोच दिली गेली. १४१४ आली, नोंदली गेली, आणि तिच्यामागे ठेवून घेतलेली १४१५ आपोआप. तारेवरून आलेल्या १४१५ ला नुसती पोच.

इथे पोचेच्या दोन पायऱ्या आहेत, आणि त्या वेगळ्या ठेवणे मला या सगळ्या विषयातली सर्वांत दुर्लक्षित गोष्ट वाटते. ‘मिळाले’ ही एक पायरी आणि ‘नोंदले’ ही दुसरी. पेन ड्राइव्हवरच्या १४१५ ला ‘मिळाले, १४१३ ची वाट पाहत आहे’ असे उत्तर द्यायला हवे. अनेक व्यवस्था तिला चूक म्हणून परत पाठवतात. परत पाठवली की दुकान ती पुन्हा पाठवते, पुन्हा परत येते, आणि शेवटी व्यवस्थापक कंटाळून संगणकावरच्या लाल खुणेकडे बघणे सोडून देतो. उशीर ही चूक नाही. चूक दोनच: एकाच अनुक्रमांकाचे दोन वेगळे मजकूर, किंवा लगतच्या आधीच्या दिवसाच्या अखेरीशी न जुळणारी आरंभीची बेरीज. त्या दोन वेळी मात्र व्यवस्थेने स्वतःहून काही ठरवू नये, माणसाला बोलवावे.

एकच दिवस दोनदा नोंदला जाऊ नये, ही काळजी प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या सावधपणावर सोडू नये. ती नोंदवहीच्या रचनेतच बांधावी, म्हणजे कार्यालयातल्या टेबलावर ही एक अट:

```
UNIQUE (store_id, generation, day_seq)
```

दुकान, पिढी, दिवसाचा अनुक्रमांक. यातली ‘पिढी’ कशासाठी, ते चिपळूणकरांना सांगावे लागणार नाही. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचे पाणी बाजारपेठेत शिरले तेव्हा दुकानांतले संगणक बुडाले. अशा दुकानात नवा संगणक येतो आणि त्यावर जुना बॅकअप चढवला जातो. समजा बुडालेल्या संगणकाने ५१० पर्यंतचे दिवस पाठवले होते आणि बॅकअप ५०२ चा आहे. नवा संगणक प्रामाणिकपणे पुढचा दिवस ५०३ म्हणून पाठवेल, आणि कार्यालयात ५०३ आधीच आहे, वेगळ्या मजकुराची. किंवा बॅकअपच नसेल आणि तो १ पासून सुरू करेल. म्हणून नवा संगणक लावताना मुख्य कार्यालयाने त्याला नवी पिढी द्यावी, आणि पिढीचा पहिला दिवस कोणत्या चालू बेरजेवर उभा आहे ते हाताने, सहीनिशी लिहावे. हे काम वर्षातून एखाद्या वेळी येते, म्हणूनच ते लिहून ठेवायला हवे. त्या दिवशी कोणालाच आठवत नाही.

१४१४ बद्दल. ११ जूनला डोमजूरचे दुकान बंद होते. बंद दिवसाची फाइल कोणी का करावी? कारण मुख्य कार्यालयाला ‘विक्री शून्य’ आणि ‘माहिती आली नाही’ यांतला फरक दुसऱ्या कशानेही कळत नाही. माझ्या मते हा या क्षेत्रातला सर्वांत महागडा गोंधळ आहे, कारण तो आकड्यात दिसतच नाही. रिकामा रकाना बेरजेत गुपचूप शून्य होऊन बसतो. उपाय असा की १२ तारखेला दुकान उघडून संगणक सुरू केल्यावर त्याने पाहावे: शेवटचा बंद केलेला दिवस १० तारखेचा, आज १२, मग ११ चे काय? आणि व्यवस्थापकाला विचारावे: दुकान बंद होते, की बिले कागदावर फाडली? पहिले उत्तर दिले की शून्याचा दिवस तयार होतो, कारणासकट, आणि त्याला त्याचा नंबर मिळतो.

दुसरे उत्तर वेगळ्या तऱ्हेच्या उशिराकडे नेते. त्याचे उदाहरण त्याच जिल्ह्यात दोन वर्षे आधी घडले. २० मे २०२० ला अम्फान चक्रीवादळ हावडा-कोलकात्यावरून गेले. टाळेबंदीचे दिवस होते, किराण्याची दुकाने चालू होती. वादळानंतर कित्येक भागांत अनेक दिवस वीज नव्हती आणि मोबाइलचे मनोरेही बंद होते. आपल्याकडे पंधरवड्यात, ३ जूनला, निसर्ग वादळाने रायगड-रत्नागिरीत तेच केले. २०२२ च्या जूनमध्ये दिवस तयार झाले होते आणि फक्त पाठवायचे राहिले होते. अम्फाननंतर दिवस तयारच झाले नव्हते. ते होते बिलबुकाच्या कार्बन कॉपीत आणि पेन्सिलीने लिहिलेल्या पाठकोऱ्या कागदावर.

समजा बागनानच्या दुकानात २० मेचा दिवस वादळाआधी बंद झाला, अनुक्रमांक ७३१, आणि वीज आली २५ ला. २१ ते २४ ची विक्री कागदावर आहे. संगणकाने २१ तारखेचा दिवस २५ ला उघडू दिला पाहिजे, आणि इथे अनेक प्रोग्राम अडतात, कारण ते आजच्याखेरीज दुसऱ्या तारखेला तोंड उघडत नाहीत. नियम सोपा ठेवता येतो: नव्या दिवसाची तारीख शेवटच्या बंद केलेल्या दिवसानंतरची असावी आणि आजच्या पुढची नसावी. कागदी बिले त्यांच्या कागदी नंबरांसकट भरायची, ७३२, ७३३, ७३४, ७३५ असे चार दिवस बंद करायचे, आणि मग २५ तारीख ७३६ म्हणून उघडायची. प्रत्येक फाइलीवर दोन तारखा असतात: धंद्याची तारीख आणि फाइल प्रत्यक्ष तयार झाल्याची वेळ. त्या दोहोंत चार दिवसांचे अंतर दिसले तर त्याला लबाडी समजू नये, ती सत्यपरिस्थिती आहे. तारीख मागे जाताना दिसली, म्हणजे ७३६ ची धंद्याची तारीख ७३५ च्या आधीची निघाली, तर घड्याळ बिघडले आहे असे समजावे. तरीही क्रम अनुक्रमांकाचाच धरावा.

घाईत लोक २५ तारीख आधी उघडतात, गिऱ्हाईक दारात उभे असते म्हणून, आणि कागदी बिलांची आठवण दोन दिवसांनी होते. आता मागे जाऊन ७३२ च्या आधी काही घुसवता येत नाही, आणि घुसवू देऊही नये. ती बिले चालू दिवसात भरायची आणि प्रत्येकावर मूळ तारीख लिहायची. मे महिन्याचा हिशेब मेमध्येच राहतो, एवढ्यावर समाधान मानावे.

यातूनच दुरुस्तीचा प्रश्न येतो. बंद केलेला, पण अजून न पाठवलेला दिवस दुकानाला पुन्हा उघडू द्यावा का? दुकानदार म्हणतात द्यावा. पाठवलेला तर नाहीच, मग काय बिघडले? मी या बाबतीत कडक मताचा आहे. तशी मुभा असेल तर इंटरनेट नसलेले दिवस म्हणजे आकडे बदलायची मोकळीक होते, आणि ज्या भागात इंटरनेट वारंवार जाते तिथे ती मोकळीक कायमची होते. बंद केला तो दिवस मिटला. चूक सापडली तर नव्या अनुक्रमांकाची दुरुस्ती-नोंद करायची, जी म्हणते की १४१३ मध्ये ४५० रुपयांचा परतावा नोंदायचा राहिला. हिशेबनिसाला तो आकडा १० तारखेत दाखवायचा असेल तर अहवाल तसा काढता येतो. मूळ फाइल मात्र जशी आली तशी राहते. अर्थात यानेही सगळे पकडता येत नाही. दिवस बंद करण्याआधीच बिल फाडले नसेल तर कोणताही अनुक्रमांक ते दाखवणार नाही.

एक लहानसा ताळा मात्र अशा दिवसांचाच आहे. इंटरनेट बंद असलेल्या दिवशी यूपीआय आणि कार्डाची विक्री जवळजवळ शून्य असायला हवी. १२ जून २०२२ ची धंद्याची तारीख असलेल्या डोमजूरच्या फाइलीत यूपीआयचे अकरा हजार दिसले, तर एकतर दिवस चुकीच्या तारखेला बंद झाला आहे किंवा कोणीतरी रोख रक्कम दुसऱ्या रकान्यात ढकलली आहे. त्या आठवड्यात ११ तारीख दुसरा शनिवार होती आणि १२ रविवार, म्हणून बँकेचा भरणा सोमवारच्या आधी दिसणेही शक्य नव्हते.

एसएमएस चालू होते, हे मी सुरुवातीला मुद्दाम लिहिले. दिवसाची पूर्ण फाइल त्यात मावत नाही, पण मोजके आकडे मावतात. व्यवस्थापकाने आपल्या फोनवरून कार्यालयाच्या एका नंबरावर एवढे पाठवले तरी पुरे:

```
DE 07 1413 100622 21400 41857650 34
```

दुकान, अनुक्रमांक, तारीख, विक्री, अखेरची चालू बेरीज, आणि शेवटी ताळ्याचा आकडा. अनुक्रमांक, विक्री आणि चालू बेरीज यांची बेरीज करून तिला ९७ ने भागायचे. बाकी उरते ती ३४. ती संगणकच पडद्यावर दाखवतो, माणसाला भागाकार करावा लागत नाही. टंकताना या तिघांपैकी कुठला एक अंक चुकला किंवा शेजारचे दोन अंक अदलाबदल झाले तर बाकी जुळणार नाही. १६० अक्षरांच्या मर्यादेत हे आरामात बसते. मात्र एसएमएसने आलेला आकडा तात्पुरता समजावा. तो मालकांना दाखवावा, वहीत चढवू नये. पूर्ण फाइल आली की दोन्ही जुळतात का ते पाहावे.

राहिला मुख्य कार्यालयाचा अहवाल. सोमवारी दुपारी मालक विचारतात, शनिवार-रविवारी धंदा किती झाला? व्यवस्था एक आकडा देते. तो कितीही मोठ्या अक्षरांत छापला तरी अपुरा आहे, जोवर त्याच्याशेजारी हे लिहिलेले नाही की कोणते दुकान कुठपर्यंत पक्के आहे. डोमजूर १२ तारखेपर्यंत, सालकिया १२ पर्यंत, उलुबेरिया अजून १० वरच. जे दुकान मागे आहे त्याच्या दिवसाची जागा रिकामी दाखवावी, शून्य नव्हे. महिनाअखेरीस याचे वजन वाढते. जीएसटीचे मासिक विवरण, जीएसटीआर-१, पुढच्या महिन्याच्या ११ तारखेपर्यंत भरायचे असते. ३० जूनची फाइल ३ जुलैला आली तर ती जूनचीच विक्री आहे आणि जूनमध्येच बसते, व्यवस्थेने फक्त तेवढे दिवस जून उघडा ठेवायला हवा. १२ जुलैला आली तर वहीत ती जूनच्या तारखेलाच राहील, पण कराच्या कागदावर नंतरची दुरुस्ती म्हणून दाखवावी लागेल. म्हणून प्रत्येक नोंदीला धंद्याची तारीख, पोहोचल्याची तारीख आणि नोंद झाल्याची तारीख अशा तिन्ही हव्यात. यातली एक जरी गाळली तरी वर्षभराने लेखापरीक्षकाला उत्तर देता येत नाही.

पुढच्या प्रकरणांत फाइलीची रचना, दुकानातल्या संगणकावरची पाठवायची रांग, तार परत आल्यावर सगळ्या दुकानांनी एकाच क्षणी धडक मारू नये म्हणून ठेवायचे मागेपुढे अंतर, आणि कार्यालयातली नोंदणी हे सगळे तपशिलात आले आहे. ज्यांना प्रोग्राम लिहायचा नाही, विकत घ्यायचा आहे, त्यांनी ती प्रकरणे न वाचता एक चाचणी केली तरी चालेल. विक्रेत्याला समोर बसवा. दुकानाच्या संगणकाची तार काढा आणि तीन दिवस बंद करून दाखवायला सांगा, त्यातला मधला विक्रीविना. तिसऱ्या दिवसाची फाइल पेन ड्राइव्हने आधी आत घाला. मग तार जोडा आणि पहिली फाइल जाताना, पोच यायच्या आत, पुन्हा काढा. पुन्हा जोडा. सगळे शांत झाल्यावर कार्यालयाच्या पडद्यावर तीन दिवस, एकेकदाच, त्यांच्या क्रमाने, मधल्यावर शून्य आणि ‘दुकान बंद’ असे दिसले तर पैसे द्या. विक्रेता म्हणाला की असे प्रत्यक्षात कधी घडत नाही, तर त्याला १३ जून २०२२ ची तारीख सांगा आणि दुसरा विक्रेता शोधा.